न्यूट्रल तुटला की चार्जर का जळतो?

वळवाचा पाऊस येऊन गेलेला असतो. वारा थांबतो, लाइट परत येते आणि एकाच डीपीवरच्या दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी घडतात. एका घरात दिवे विझू विझू होतात, पंखा जेमतेम फिरतो. समोरच्या घरात दिवे भगभगीत पेटतात, चार्जरमधून ‘फट्’ असा आवाज येतो, करपल्याचा वास सुटतो आणि पाठोपाठ टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर आणि दोन एलईडी बल्ब जातात. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा होते की रात्री व्होल्टेज कमीजास्त झाले. मग कोणी बाजारातून स्टॅबिलायझर आणतो, कोणी सर्ज प्रोटेक्टरची पट्टी आणतो. पुढच्या वर्षी पुन्हा चार्जर जळतो, आणि आणलेली वस्तू निकृष्ट होती असे सगळ्यांना वाटते.

वस्तू बहुतेक वेळा निकृष्ट नसते, ती चुकीच्या दुखण्यासाठी आणलेली असते. ‘व्होल्टेज कमीजास्त होणे’ या एका नावाखाली आपण तीन निरनिराळे बिघाड मोजतो. पहिला म्हणजे तासन्‌तास कमी राहणारा दाब. दुसरा म्हणजे न्यूट्रल तुटल्यामुळे काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत टिकणारा भलताच जास्त दाब. तिसरा म्हणजे वीज पडल्यावर तारांतून येणारा, सेकंदाच्या लाखाव्या हिश्शात संपणारा झटका. तिघांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. चार्जरच्या बाबतीत तर पहिला बिघाड जवळजवळ निरुपद्रवी असतो. खरा घात करतात ते दुसरा आणि तिसरा.

चार्जरला कमी दाब चालतो

आपल्या घरातला सिंगल फेज पुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि त्यात सहा टक्के कमीजास्त होण्याची मुभा धरलेली असते. म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. प्रत्यक्षात डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी सात-आठच्या सुमारास १७० किंवा १५० व्होल्टही मिळतात. गावातल्या मोटारी, पिठाची गिरणी आणि सगळ्यांचे दिवे एकदम चालू असतात. तारेतून जितका जास्त प्रवाह वाहतो तितका दाब वाटेतच खर्ची पडतो. रात्री एक वाजता हाच भार उतरला की डीपीजवळच्या घरांत दाब उलट चढतो.

आता तुमच्या मोबाइलचा चार्जर हातात घ्या आणि त्यावरची बारीक अक्षरे वाचा. ‘इनपुट’ या शब्दापुढे बहुतेक चांगल्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. तो जपानच्या १०० व्होल्टवरही चालावा आणि भारताच्या २३० वरही, अशीच त्याची रचना असते. आत आलेली एसी वीज आधी डीसी केली जाते आणि एका छोट्या नळकांड्यासारख्या कपॅसिटरमध्ये साठवली जाते. तिथून एक इलेक्ट्रॉनिक स्विच ती सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून लहानशा ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडतो, आणि पलीकडे पाच किंवा नऊ व्होल्ट तयार होतात. बाहेरचा दाब कमी झाला की हा स्विच प्रत्येक वेळी थोडा जास्त वेळ चालू राहतो, वाढला की कमी वेळ. त्यामुळे भिंतीतल्या सॉकेटमध्ये १५० व्होल्ट असोत की २४०, फोनला मिळणारे पाच व्होल्ट पाचच राहतात.

म्हणजे चार्जरच्या पोटात स्टॅबिलायझरचे काम करणारी यंत्रणा आधीपासूनच बसवलेली आहे. पंखा मंदावला असताना आणि फ्रीज कण्हत असताना फोन मात्र व्यवस्थित चार्ज होत असतो, तो यामुळेच. कमी दाबावर तेवढीच शक्ती ओढण्यासाठी चार्जर थोडा जास्त प्रवाह घेतो आणि थोडा जास्त तापतो, इतकाच फरक. शंभरच्या बराच खाली दाब गेला तर तो काम थांबवतो आणि दाब सुधारला की पुन्हा सुरू होतो. ‘व्होल्टेज कमी आहे म्हणून फोन हळू चार्ज होतो’ हे आपण सर्रास म्हणतो, पण चांगल्या चार्जरच्या बाबतीत ते बहुधा खरे नसते. हळू चार्जिंगचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. त्याकडे पुढे येऊ.

वरच्या बाजूला मात्र चार्जरला एवढी मोकळीक नाही. एसीचा दाब २३० व्होल्ट असतो तेव्हा त्या लाटेचा माथा सुमारे ३२५ व्होल्टवर असतो, आणि आतला कपॅसिटर त्या माथ्यापर्यंत भरतो. या कपॅसिटरवर साधारणपणे ४०० व्होल्ट अशी मर्यादा छापलेली असते. सॉकेटमध्ये २६४ व्होल्ट आले तर माथा ३७३ वर जातो, म्हणजे अजून मर्यादेच्या आत. २८० व्होल्टला तो ३९६ होतो, म्हणजे अगदी काठावर. ३०० व्होल्टला ४२४ होतो आणि मर्यादा ओलांडली जाते. खाली शंभर व्होल्टपर्यंत हसत काम करणारे हे यंत्र वर ३०० लाच संकटात सापडते, ते असे.

चारशे व्होल्ट घरात कसे शिरतात

घरात ३०० व्होल्ट येतील तरी कुठून? ते बहुतेक वेळा न्यूट्रलमधून येतात.

डीपीतून चार तारा निघतात, तीन फेज आणि एक न्यूट्रल. कोणत्याही फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट असतात. पण एका फेजपासून दुसऱ्या फेजपर्यंत सुमारे ४०० व्होल्ट असतात. काही घरे पहिल्या फेजवर जोडलेली असतात, काही दुसऱ्यावर, काही तिसऱ्यावर. सगळ्यांचा परतीचा रस्ता एकच, तो म्हणजे न्यूट्रल. जोवर तो धड आहे तोवर शेजाऱ्याने किती भार टाकला याचा तुमच्या घरातल्या दाबावर फारसा परिणाम होत नाही.

आता समजा, वाऱ्याने फांदी पडून पोलवरचा न्यूट्रल तुटला, किंवा वर्षानुवर्षे गंजलेला त्याचा जोड सुटला. फेजच्या तारा शाबूत आहेत. तुटलेल्या जागेच्या पुढे दोन घरे आहेत, एक पहिल्या फेजवर आणि दुसरे दुसऱ्या फेजवर. दोघांचे न्यूट्रल अजूनही एकमेकांना जोडलेले आहेत, पण डीपीकडे परत जायला वाट उरलेली नाही. मग वीज पहिल्या फेजमधून पहिल्या घरात शिरते, तिथल्या उपकरणांतून न्यूट्रलवर येते, त्याच न्यूट्रलवरून दुसऱ्या घरात जाते आणि दुसऱ्या फेजमधून बाहेर पडते. दोन्ही घरे मिळून ४०० व्होल्टच्या मध्ये एकापाठोपाठ एक अडकतात. हे ४०० व्होल्ट दोघांत अर्धेअर्धे वाटले जात नाहीत. ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला जास्त दाब येतो.

आकडे घालून पाहू. पहिल्या घरात २,००० वॉटचा गिझर चालू आहे. त्याचा रोध सुमारे २६ ओहम. दुसऱ्या घरात दोन पंखे, काही दिवे, राउटर आणि चार्जर मिळून २०० वॉटचा भार आहे. त्याचा रोध दहापट, म्हणजे सुमारे २६४ ओहम. ४०० व्होल्टची वाटणी एकास दहा अशी होते. गिझरवाल्या घराला सुमारे ३६ व्होल्ट मिळतात आणि तिथे अंधार पडतो. दुसऱ्या घराला सुमारे ३६४ व्होल्ट मिळतात. त्याचा माथा ५१५ व्होल्टवर जातो, आणि तो ४०० व्होल्टच्या कपॅसिटरवर आदळतो. तो कपॅसिटर फुगतो, त्याचे टोपण फाटते आणि आतला द्रव वाफ होऊन बाहेर पडतो. चार्जरमधून येणारा ‘फट्’ आवाज तो हाच.

पंखा आणि चार्जर ही निव्वळ रोधाची उपकरणे नाहीत आणि बहुधा तिसऱ्या फेजवरही कोणीतरी असतेच, त्यामुळे खऱ्या गावात आकडे थोडे वेगळे येतील. पण दिशा हीच राहील. ज्याच्या घरात कमी उपकरणे चालू, त्याचे नुकसान जास्त. शिवाय हे नुकसान स्वतःला वाढवत नेते. दुसऱ्या घरातली निम्मी उपकरणे जळून बंद पडली की तिथला भार १०० वॉटवर येतो, रोध दुप्पट होतो आणि उरलेल्यांवर ३८० व्होल्ट येतात. म्हणून अशा रात्री एका घरातल्या चार-पाच वस्तू ओळीने जातात. पहिल्या घरातला गिझर बंद झाला आणि तिथे फक्त १०० वॉटचे दिवे-पंखे उरले, तर चित्र एकदम उलटते. त्या घराला सुमारे २६७ व्होल्ट मिळतात आणि दुसऱ्या घराला १३३.

यातच न्यूट्रलच्या दोषाची खूण दडलेली आहे. आपण किंवा शेजाऱ्याने मोठे उपकरण चालू केल्यावर काही दिवे मंद होतात आणि त्याच वेळी दुसरे काही दिवे जास्त प्रखर होतात, तर न्यूट्रल सैल झालेला आहे असे समजावे. ज्यांच्या बंगल्यात थ्री फेज कनेक्शन आहे त्यांना ही खूण आपल्याच दोन खोल्यांत दिसते. सगळे दिवे एकत्रच मंद होत असतील तर तो साधा कमी दाब किंवा बारीक सर्व्हिस वायरचा दोष. पण कुठलाही दिवा नेहमीपेक्षा प्रखर पेटला तर विचार करत बसू नये, मेन स्विच खाली करावा. चार्जर आणि टीव्ही वाचवायला हाती असलेले एवढेच काही क्षण असतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. घरातला एमसीबी अशा वेळी पडत नाही. तो जास्त प्रवाहावर पडतो, जास्त दाबावर नाही. आरसीसीबी फक्त गळती ओळखतो. दोघेही आपापल्या कामात चोख आहेत, पण ३६४ व्होल्ट त्यांना दिसतच नाहीत.

विजेचा झटका

तिसरा बिघाड विजांचा. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात, विदर्भात, नाशिक-नगरच्या पट्ट्यात दुपारनंतर ढग जमतात तेव्हा वीज घरावरच पडायला हवी असे नाही. ती लाइनवर किंवा लाइनच्या आसपास पडली तरी तारांत काही हजार व्होल्टची उसळी उठते आणि घरापर्यंत धावत येते. ती सेकंदाच्या काही लाखाव्या भागांत संपते. चांगल्या चार्जरमध्ये तिच्यासाठी छोटा व्हेरिस्टर बसवलेला असतो. निळ्या किंवा पिवळ्या बत्ताशासारखा दिसणारा हा भाग एरवी वीज अडवतो, आणि दाब मर्यादेबाहेर गेला की कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखा उघडून तो जादा दाब आपल्यातून जाऊ देतो. त्याची ताकद मर्यादित असते, आणि प्रत्येक मोठ्या झटक्यानिशी ती थोडी कमी होते. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या चार्जरमध्ये बरेचदा तो नसतोच. आतला फ्यूजही नसतो आणि कपॅसिटर लहान, कमी मर्यादेचा असतो.

स्वस्त चार्जरचा याहून गंभीर दोष वेगळा आहे. चांगल्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांच्यात काही मिलिमीटरची मोकळी जागा आणि जाड इन्सुलेशन ठेवलेले असते. तो जळाला तरी स्वतःपुरता जळतो. फोन आणि फोन धरणारा हात वाचतो. स्वस्त चार्जरमध्ये ही जागा आखडती घेतलेली असते. झटक्याने तिथे ठिणगी उडाली तर मुख्य लाइनचा दाब सरळ केबलमधून पुढे जाऊ शकतो. म्हणून भारतात चार्जरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, आणि ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक टाकून खरा की खोटा ते पाहता येते. चार्जर विकत घेताना करायची सर्वांत उपयोगी तपासणी हीच.

चार्जिंग मध्येच थांबते तेव्हा

चार्जर जळत नाही, पण फोन नीट चार्ज होत नाही, अशी तक्रार त्याहून जास्त घरांत असते. ‘चार्जिंग सुरू’ असा आवाज पुन्हा पुन्हा येतो, ‘फास्ट चार्जिंग’ असे दिसते आणि नाहीसे होते, किंवा चार्जिंगला लावल्यावर स्क्रीनवर बोट एकीकडे आणि खूण दुसरीकडे असे होते.

यातले काही दोष पुरवठ्याचे असतात. फास्ट चार्जर आणि फोन सुरुवातीला एकमेकांशी बोलून किती व्होल्ट द्यायचे हे ठरवतात. लाइट क्षणभर जरी गेली तरी चार्जरमधला साठा सेकंदाच्या काही शतांशांतच संपतो. वीज परत आल्यावर ही बोलणी पुन्हा पहिल्यापासून होतात, तोवर फोन साध्या पाच व्होल्टवर चार्ज होतो. लाइट दर मिनिटाला लपंडाव खेळत असेल तर फास्ट चार्जिंगला कधी जमच बसत नाही. अशा वेळी चार्जर काढून ठेवणे आणि पुरवठा दहा-पंधरा मिनिटे स्थिर राहिल्यावर लावणे हेच बरे. लाइट परत येते तेव्हा गावातले सगळे फ्रीज आणि मोटारी एकदम सुरू होतात आणि पहिली काही मिनिटे दाब सर्वांत जास्त हेलकावतो.

पण दोष सॉकेटचाही असू शकतो, आणि तो नीट वेगळा काढता येतो. तोच चार्जर दुसऱ्या खोलीत लावून पाहा. तिथे नीट चालला तर पहिल्या सॉकेटची पकड सैल झाली आहे. पिन घालताना चरचर आवाज येणे, सॉकेटभोवती प्लॅस्टिक पिवळे-तपकिरी पडणे, पिन गरम लागणे या त्याच्या खुणा. तिथे होणाऱ्या बारीक ठिणग्या चार्जरला सेकंदाला अनेकदा चालू-बंद करतात आणि त्यातूनच तो लवकर निकामी होतो. सॉकेट बदलायला फार खर्च येत नाही. दुसऱ्या खोलीतही तोच त्रास असेल तर केबल बदलून पाहा, मग चार्जर. दुसऱ्याच्या घरीही तोच फोन, तीच केबल, तोच चार्जर असाच वागत असेल तर व्होल्टेजला दोष देण्यात अर्थ नाही. आणि ८० टक्क्यांनंतर किंवा फोन तापल्यावर चार्जिंग मंदावणे हा दोषच नव्हे. बॅटरी जपण्यासाठी फोनच तसे करतो.

स्क्रीन भलतीकडे चालणे ही बहुधा चार्जरच्या दर्जाची तक्रार असते. आतला कपॅसिटर म्हातारा झाला किंवा मुळातच कमी दर्जाचा असला, की पाच व्होल्टमध्ये खरखर मिसळते आणि स्क्रीनला बोटाचा स्पर्श नीट ओळखता येत नाही. असा चार्जर मोठ्या उसळीची वाट न पाहता बदलावा.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागची कळही पाहून घ्या. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ अशा दोन जागा असतात. ‘नॉर्मल’वर तो बाहेरचा दाब बराच चढला-उतरला तरी तसाच घरात जाऊ देतो, ‘यूपीएस’वर तो लवकर बॅटरीकडे वळतो. चार्जर आणि राउटरच्या दृष्टीने ‘यूपीएस’ची जागा बरी. मात्र जिथे दाब सतत कमीच असतो तिथे त्या जागेवर बॅटरी वारंवार उतरते, हे लक्षात ठेवावे.

कशावर काय

स्टॅबिलायझर हा मुख्यतः कमी दाबाचा उपाय आहे. त्याच्या आत एक ट्रान्सफॉर्मर असतो आणि रिले त्याच्या वेगवेगळ्या टोकांवर जोडणी बदलत दाब २३० च्या आसपास आणतात. ही जोडणी बदलायला सेकंदाचा काही शतांश वेळ लागतो. फ्रीज आणि एसीच्या कॉम्प्रेसरसाठी तो गरजेचा आहे, कारण मोटार कमी दाबावर अडकते आणि तापते. लाइट परत आल्यावर काही मिनिटे थांबून सुरू करण्याची सोयही कॉम्प्रेसरसाठीच असते. मोबाइलच्या चार्जरला मात्र त्याचा फारसा लाभ नाही. चार्जर १५० व्होल्टवर स्वतःच चालतो. विजेचा झटका रिले हलण्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो. आणि ३६४ व्होल्ट आले तर ते बहुतेक घरगुती स्टॅबिलायझरच्या स्वतःच्या मर्यादेपलीकडचे असतात. काही स्टॅबिलायझर जास्त दाबाला पुरवठा तोडतात. विकत घेताना ‘हाय व्होल्टेज कट-ऑफ’ आहे का, आणि तो किती व्होल्टला, हे विचारावे.

न्यूट्रल तुटण्यावरचा नेमका उपाय म्हणजे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. हे एमसीबीच्या शेजारी मेन बोर्डात बसणारे, आकडा दाखवणारे छोटे उपकरण असते. दाब ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की ते सगळ्या घराचा पुरवठा तोडते आणि दाब स्थिर झाल्यावर थोड्या वेळाने आपोआप जोडते. जास्त दाबाची मर्यादा २६५ ते २७० च्या आसपास ठेवावी. कमी दाबाची मर्यादा फार वर ठेवू नये, नाहीतर लाइनच्या शेवटच्या घरात ते रोज संध्याकाळी लाइट घालवेल. आपल्या मेन एमसीबीइतका किंवा त्याहून जास्त अँपिअरचा प्रोटेक्टर घ्यावा आणि तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा.

सर्ज प्रोटेक्टर हा झटक्यावरचा उपाय. टेबलाजवळच्या पट्टीत बसतो तो छोटा, आणि मेन बोर्डात बसतो तो मोठा. मोठ्यावर ‘टाइप २’ असे लिहिलेले असते आणि हिरवी किंवा लाल अशी खिडकी असते. लाल दिसली की त्याचे आयुष्य संपले. दोघांच्याही पोटात व्हेरिस्टरच असतो, आणि त्यालाही दोन अटी आहेत. पहिली म्हणजे झटका जमिनीत जायला चांगले अर्थिंग हवे. अर्थिंग नसलेल्या घरात, तीन पिनांच्या पट्टीला दोन पिनांचा जोड लावून वापरली, तर ती जवळपास साध्या बोर्डासारखीच राहते. दुसरी म्हणजे तो क्षणिक झटक्यासाठी आहे, तासभर टिकणाऱ्या जास्त दाबासाठी नाही. न्यूट्रल तुटून ३६४ व्होल्ट आले तर व्हेरिस्टर उघडाच राहतो, तापतो आणि स्वतः जळतो. आत उष्णतेने तुटणारा फ्यूज नसेल तर पट्टीच पेटू शकते. म्हणून सर्ज प्रोटेक्टर आणि व्होल्टेज प्रोटेक्टर एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

अगदी जवळ वीज पडली तर यातले काहीच पुरेसे ठरत नाही. आभाळ गडगडू लागले की चार्जर, टीव्ही आणि राउटरचे प्लग काढून ठेवणे याला पर्याय नाही. स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच फक्त एक तार तोडतो आणि त्याच्या दोन टोकांतली फट झटका सहज ओलांडतो. पण कडकडाट डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावू नये, ते आधीच करावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपास विजा पडत असल्याची सूचना देते. ते गावातल्या प्रत्येक फोनवर असावे.

एक गोष्ट कधीही करू नये. न्यूट्रल गेला की काही ठिकाणी अर्थिंगच्या तारेला न्यूट्रल म्हणून जोडून दिवे लावले जातात. त्याने दिवे लागतात खरे, पण अर्थिंगला जोडलेल्या फ्रीजच्या, पाण्याच्या मोटारीच्या, गिझरच्या पत्र्यावर वीज उतरू शकते. चार्जर नवा मिळतो. माणूस मिळत नाही.

मोजा आणि लेखी कळवा

काय विकत घ्यायचे हे ठरवण्याआधी आपल्या घरातला आजार ओळखावा लागतो. सॉकेटमध्ये बसणारा आकडे दाखवणारा व्होल्टमीटर बाजारात सहज मिळतो. मल्टिमीटर हाताळण्याची सवय नसेल तर हाच वापरावा. आठवडाभर सकाळी, दुपारी, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी आणि मध्यरात्री आकडा वहीत लिहा. दाब रोज ठरावीक वेळी कमी होऊन पुन्हा सावरत असेल तर तो भाराचा प्रश्न आहे. चार्जर सुरक्षित आहेत, फ्रीजसाठी स्टॅबिलायझर घ्या. मध्यरात्री दाब २५० च्या वर स्थिर राहत असेल तर डीपीची मांडणी तपासायला हवी. आकडा कोणत्याही वेळी, काही कारण नसताना १८० वरून २६० वर उडी मारत असेल तर न्यूट्रलचा जोड सैल आहे. ते काम घरात करण्याचे नाही, पोलवर करण्याचे आहे, आणि तिथे फक्त वीज कंपनीचा माणूसच चढू शकतो.

ही तक्रार फोनवर १९१२ या क्रमांकावर नोंदवता येते. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि वहीतल्या नोंदींची प्रत जोडून शाखा कार्यालयात लेखी अर्जही द्या. ‘व्होल्टेजचा त्रास होतो’ असे मोघम लिहू नका. ‘न्यूट्रलचा जोड तपासावा आणि तिन्ही फेजवरचा भार समान करावा’ असे स्पष्ट लिहा. एकाच डीपीवरच्या चार-पाच घरांनी मिळून अर्ज केला आणि कोणाकडे दिवे मंद होतात, कोणाकडे प्रखर, हे त्यात नोंदवले तर तुटका जोड कोणत्या पोलाच्या पुढे आहे हे वायरमनला लगेच कळते. विद्युत कायदा २००३ प्रमाणे वीज कंपनीला सेवेचे ठरलेले मानक पाळावे लागते आणि ते न पाळल्यास भरपाई मागता येते. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल.

खर्चाचा क्रम एवढा साधा आहे. आधी खरी नोंदणी असलेला चार्जर, मग घट्ट सॉकेट आणि तपासलेले अर्थिंग, मग मेन बोर्डात व्होल्टेज प्रोटेक्टर, आणि विजांच्या पट्ट्यात राहत असाल तर त्याच्याजवळ सर्ज प्रोटेक्टर. स्टॅबिलायझरचे पैसे फ्रीज आणि एसीसाठी राखून ठेवा, चार्जरसाठी ते घालवू नका. आणि या पावसाळ्याआधी आपल्या पोलवरचा न्यूट्रलचा जोड एकदा तपासून घेण्याचा अर्ज नक्की द्या.